शुक्रवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ : बिलिंग सिस्टीम बदलण्याचं तासागणिक वेळापत्रक

कंपनीची जुनी सिस्टीम बंद करून नवी सुरू करण्याच्या सुट्टीला आपल्याकडे सगळे ‘कटओव्हर वीकेंड’ म्हणतात. त्या सुट्टीचा तासागणिक लिहिलेला क्रम म्हणजे रनबुक. बहुतेक रनबुकांमध्ये पुढे जायच्या पायऱ्या नीट लिहिलेल्या असतात आणि परत फिरायची वाट शेवटी एका ओळीत उरकलेली असते : ‘अडचण आल्यास बॅकअप रिस्टोअर करणे’. अडचण म्हणजे नेमकी कोणती, ती ठरवणार कोण, आणि किती वाजेपर्यंत? ही तीन उत्तरं आधी लिहून मग बाकीचे तास त्यांच्याभोवती बसवावेत, असं माझं ठाम मत आहे. म्हणून हा लेख परतीच्या वाटेला जास्त जागा देतो.

उदाहरण म्हणून गाड्यांच्या सुट्या भागांचा एक वितरक धरू. मुख्य गोडाऊन पुण्यात, दुसरी दोन कोल्हापूर आणि नागपूरला. सगळी बिलं ई-इन्व्हॉइसची. जुनी सिस्टीम एसक्यूएल सर्व्हरवर, नवी पोस्टग्रेसवर. सोमवारी सकाळी साडेआठला पहिली गाडी भरायला लागते, तेव्हा बिल निघालंच पाहिजे.

तारीख आणि रंगीत तालीम

अकाउंट्सचे लोक महिन्याची पहिली तारीख मागतात, कारण तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिलकांचा गोषवारा, स्वच्छ मिळते. शक्यतो ऐकू नका. महिनाअखेरीला बिलांची गर्दी असते, ७ तारखेला टीडीएस, ११ ला जीएसटीआर-१, २० ला ३बी. २० तारखेनंतरचा पहिला शनिवार-रविवार सगळ्यात मोकळा मिळतो. त्या महिन्याची बिलं दोन सिस्टीममध्ये विभागली जातील, पण ते हाताळता येतं. त्यासाठी नव्या सिस्टीमला बिलांची वेगळी मालिका द्या. जुनी `PN/25-26/04812` अशी असेल तर नवी `PNE/25-26/00001`. जीएसटीच्या नियमांत एकाहून जास्त मालिका चालतात. अट एवढीच, की क्रमांक सोळा अक्षरांच्या आत असावा आणि त्या आर्थिक वर्षात पुन्हा वापरलेला नसावा. वेगळ्या मालिकेचा दुसरा फायदा परत फिरायची वेळ आली तर कळतो : कुठलं बिल कुठल्या सिस्टीमचं, हे नुसत्या क्रमांकावरून दिसतं.

त्याआधी संपूर्ण कामाची निदान दोनदा रंगीत तालीम करा, खऱ्या डेटाच्या प्रतीवर आणि हातात घड्याळ घेऊन. परत फिरण्याचीही तालीम करा. तीच नेमकी टाळली जाते. आपल्या उदाहरणात तालमीत मोजलेल्या वेळा अशा धरू : बॅकअप आणि त्याची तपासणी एक तास, डेटा काढून नव्या सिस्टीमला भरणं साडेचार तास, ताळा जुळवणं पाच तास, जुन्या सिस्टीमवर परत जाणं सव्वादोन तास. पुढचं वेळापत्रक या आकड्यांवर उभं आहे. तुमचे आकडे वेगळे असतील, तर वेळापत्रकही वेगळं होईल.

शुक्रवार, दुपारी ४ ते ७ : दारं बंद करणं

चार वाजता तिन्ही गोडाऊनला फोन करा. अर्धवट राहिलेली बिलं एकतर पूर्ण करायची किंवा रद्द करायची. पुण्याहून निघून कोल्हापूरला न पोहोचलेला माल ही नेहमीची अडचण. त्या ट्रान्सफरची वेगळी यादी काढा, नाहीतर उद्या तो माल दोन्ही गोडाऊनमध्ये दिसेल किंवा एकाही नाही.

साडेसहाला शेवटचं बिल. त्यानंतर आयआरएन, म्हणजे सरकारी ई-इन्व्हॉइस पोर्टलकडून प्रत्येक बिलाला मिळणारा क्रमांक, मिळायची राहिलेली बिलं शून्य आहेत ना, हे पाहा. एखादं अडकलेलं बिल तसंच ठेवून सिस्टीम गोठवली, तर पोर्टलवर त्याचा आयआरएन असतो आणि तुमच्याकडे नसतो, किंवा त्याच्या उलट.

सात वाजता आधी आपोआप चालणारी कामं बंद करा : रात्रीचे जॉब, पार्ट्यांना जाणारे उधारीचे एसएमएस, बँकेच्या फायली. मग माणसांना बाहेर पडायला सांगा आणि मगच डेटाबेस फक्त वाचण्यापुरता ठेवा :

```sql
ALTER DATABASE erp SET READ_ONLY
WITH ROLLBACK IMMEDIATE;
```

हा क्रम महत्त्वाचा आहे. ही आज्ञा आत असलेल्या प्रत्येकाला बाहेर काढते आणि त्याचं अर्धवट काम पुसते. नागपूरचा कोणी पावती भरत बसला असेल, तर ती गेली.

यानंतर रविवारच्या निर्णयापर्यंत जुन्या सर्व्हरला कोणीही हात लावायचा नाही. त्यावर नवं काही बसवायचं नाही, त्याचा आयपी बदलायचा नाही, जागा करायला फाइल पुसायची नाही. परतीची खरी वाट हा जसाच्या तसा उभा असलेला सर्व्हर आहे. बॅकअप ही दुसरी फळी.

शुक्रवार, ७ ते ९ : बॅकअप आणि साक्षीचे आकडे

```sql
BACKUP DATABASE erp
TO DISK = 'D:\cutover\erp_final.bak'
WITH COPY_ONLY, CHECKSUM;
```

ही फाइल दुसऱ्या मशीनवर नेऊन खरोखर रिस्टोअर करून पाहा. बॅकअप घेतल्याचा संदेश आला म्हणजे बॅकअप उघडतो असं नव्हे.

मग जुन्या सिस्टीममधून चार अहवाल काढा : तेरीज, पार्टीवार येणं आणि देणं, गोडाऊनवार स्टॉक नग आणि किमतीसह, आणि प्रत्येक मालिकेतला शेवटचा क्रमांक. हे जुन्या सिस्टीमच्या स्वतःच्या स्क्रीनवरून काढा, डेटा हलवणाऱ्या स्क्रिप्टमधून नाही. स्क्रिप्टमध्ये चूक असेल, तर ती दोन्ही बाजूंना सारखीच दिसेल आणि ताळा खोटा जुळेल. अकाउंट्सप्रमुखांनी या अहवालांवर सही करावी. उद्याची सगळी तपासणी याच कागदांशी होणार आहे.

शुक्रवार रात्री ९ ते १:३० : डेटा भरणं

हे काम यंत्राचं आहे. एक माणूस जागा पुरतो. बाकीच्यांना घरी पाठवा आणि शनिवारी आठला बोलवा. रात्रभर सगळ्यांना बसवून ठेवलं, की रविवारी दुपारी सगळ्यात मोठा निर्णय सगळ्यात थकलेली माणसं घेतात.

जागणाऱ्याने प्रत्येक टप्प्याची वेळ तालमीतल्या वेळेशेजारी लिहायची. पार्ट्यांची माहिती तालमीत वीस मिनिटांत भरली आणि आज पन्नास मिनिटं झाली तरी चालूच आहे, तर काहीतरी वेगळं घडतंय. अशा वेळी कोणाला उठवायचं, त्याचं नाव आणि नंबर रनबुकात हवा.

शनिवार, ८ ते १ : ताळा जुळवणं

या सुट्टीतला सगळ्यात मोलाचा वेळ हाच. एकूण बेरीज जुळली म्हणून थांबू नका, कारण बेरीज जुळूनही आतला डेटा चुकलेला असू शकतो. समजा एकाच नावाच्या दोन पार्ट्या आहेत, एक साताऱ्याची, एक सांगलीची. एकीकडून ८०,००० येणं, दुसरीकडून १,२०,०००. नव्या सिस्टीमने नाव पाहून दोघींची एकच पार्टी केली. एकूण येणं तेवढंच राहिलं, तेरीज जुळली, आणि सोमवारी साताऱ्याच्या दुकानदाराला दोन लाखांचं स्टेटमेंट गेलं. म्हणून तीन पातळ्यांवर पाहा : आधी नोंदींची संख्या, मग एकूण बेरीज, मग पार्टीवार आणि आयटमवार प्रत्येक ओळ. शेवटचं काम दोन्हीकडच्या फायली शेजारी ठेवून वेगळ्या पडणाऱ्या ओळी काढण्याचं आहे. ते एक्सेलमध्येही होतं.

एसक्यूएल सर्व्हरवरून पोस्टग्रेसवर जाताना एक फरक हमखास नडतो. एसक्यूएल सर्व्हर नेहमीच्या सेटिंगमध्ये लहान-मोठी अक्षरं एकच मानतो आणि शेवटच्या रिकाम्या जागेकडे लक्ष देत नाही. पोस्टग्रेस दोन्ही वेगळं धरतो. म्हणजे जुन्या बिलांमध्ये कोणी `BP-204` आणि कोणी `bp-204` टाइप केलं असेल, तर तिथे तो एकच ब्रेक पॅड होता. इथे दोन होतात आणि स्टॉक दोघांत वाटला जातो. हे शोधायला :

```sql
SELECT lower(trim(item_code)), count(*)
FROM items
GROUP BY 1
HAVING count(*) > 1;
```

एकही ओळ आली, तर ती आधी सोडवा.

दुसरा फरक पैशांचा. जुन्या सिस्टीममध्ये दर चार दशांश स्थळांपर्यंत असेल आणि नवी दोनच ठेवत असेल, तर १८२.४३७५ चा दर १८२.४४ होतो. ४,००० नगांवर हा फरक १० रुपयांचा. रक्कम छोटी आहे, पण हजारो आयटम असले की स्टॉकची किंमत जुळत नाही आणि कारण शोधण्यात दुपार जाते. असे फरक तालमीतच ओळखून किती रुपयांपर्यंत मान्य, ते लिहून ठेवा. पार्टीच्या येण्यात मात्र एका रुपयाचाही फरक मान्य करू नका.

मराठी नावं डोळ्यांनी पाहा. जुन्या सिस्टीममध्ये नावं युनिकोडआधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असतील, तर नवीकडे ती अर्थहीन इंग्रजी अक्षरं बनून येतात; साठवण्याचा प्रकार चुकला, तर नुसती प्रश्नचिन्हं. बेरजेत यातलं काहीच दिसत नाही.

शनिवार, दुपारी १ ते रात्री ११ : एकदाच दुरुस्ती

चुका सापडतीलच. नव्या डेटाबेसमध्ये हाताने दुरुस्त करायचा मोह होतो, तो आवरा. स्क्रिप्ट दुरुस्त करा आणि सगळा डेटा पुन्हा भरा. हाताने बदललेल्या दहा ओळी कोणत्या होत्या, हे रविवारी कोणालाही सांगता येत नाही.

पण पुन्हा भरायला साडेचार तास आणि तपासायला त्यानंतर आणखी तीन-चार, कारण दुसऱ्या खेपेला चुकलेल्या जागा माहीत असतात. म्हणून दुपारी ३ नंतर पुन्हा भरणं सुरू करायचं नाही, हे रनबुकात लिहा. ३ ला सुरू केलं तर साडेसातला भरून होईल आणि अकराच्या सुमारास ताळा लागेल. तीनपर्यंत चुकीचं कारणच सापडलं नसेल, तर ते रविवारच्या निर्णयाच्या तक्त्यात तसंच लिहायचं.

ताळा जुळला की लगेच नव्या डेटाबेसची प्रत घ्या आणि मगच झोपायला जा :

```
pg_dump -Fc -f clean.dump erpnew
```

उद्या चाचणीत खोटी बिलं तयार होणार आहेत. ती एकेक पुसत बसण्याऐवजी हीच स्वच्छ प्रत पुन्हा बसवायची.

रविवार, ९ ते १ : सगळ्यांनी एकदम वापरून पाहणं

एप्रिल २०१८ मध्ये ब्रिटनच्या टीएसबी बँकेने एकाच वीकेंडला आपले ग्राहक नव्या यंत्रणेवर नेले. डेटा नीट पोहोचला होता. पण लोकांनी वापरायला सुरुवात करताच यंत्रणा कोलमडली आणि लाखो ग्राहकांना खाती उघडता येईनात. सगळं सुरळीत व्हायला डिसेंबर उजाडला, आणि २०२२ मध्ये नियामकांनी बँकेला ४ कोटी ८६.५ लाख पौंडांचा दंड केला. कागदावर ताळा जुळला, तरी सोमवारची गर्दी पेलेल याची हमी त्यातून मिळत नाही.

म्हणून रविवारी सकाळी तिन्ही गोडाऊनमधून प्रत्यक्ष काम करणारी माणसं बोलवा. दहा वाजता सगळ्यांनी एकदम लॉगिन करायचं. प्रत्येकाने एक नवी पार्टी, एक बिल, एक पावती, एक स्टॉक ट्रान्सफर करायचं आणि ते छापायचंही. प्रिंटर विसरू नका : आधीच छापलेल्या कागदावर डॉट मॅट्रिक्सवर बिल काढत असाल, तर रकाने सरकलेले असतात, आणि ते कळायला कागदच लागतो.

नवी नोंद करून पाहण्याला आणखी एक कारण आहे. पोस्टग्रेसमध्ये जुन्या नोंदी त्यांच्या क्रमांकांसह भरल्या, तरी पुढचा क्रमांक देणारा मोजक आपोआप पुढे सरकत नाही. पहिली नवी नोंद करताना `duplicate key value violates unique constraint` असा संदेश येतो. उपाय एका ओळीचा आहे, पण तो प्रत्येक टेबलला करावा लागतो :

```sql
SELECT setval('items_id_seq',
  (SELECT max(id) FROM items));
```

ही दुरुस्तीही स्क्रिप्टमध्येच घाला आणि स्वच्छ प्रत परत बसवल्यावर पुन्हा चालवा.

या वेळात नव्या सिस्टीमचे बाहेरचे सगळे मार्ग बंदच हवेत : एसएमएस, ईमेल, बँक, आणि ई-इन्व्हॉइसचं खरं पोर्टल. आयआरएनची चाचणी सँडबॉक्सवर, म्हणजे चाचणीसाठीच्या पोर्टलवरच. नाहीतर नवी सिस्टीम भरलेली जुनी बिलं नवी समजून सगळ्या पार्ट्यांना संदेश पाठवते, आणि ते परत घेता येत नाहीत. खऱ्या पोर्टलसाठी नव्या सर्व्हरचा आयपी नोंदवावा लागणार असेल, तर ते आठवडाभर आधी करून ठेवा; रविवारी संध्याकाळी त्यासाठी मदत मिळत नाही.

रविवार, दुपारी २ : थांबा, आणि ठरवा

हा रोलबॅकचा चेकपॉइंट. दुपारी दोनच का? परत जायला सव्वादोन तास लागतात. ऐनवेळी तेच काम दुप्पट वेळ खाईल असं धरलं, तरी साडेसातच्या आत जुनी सिस्टीम तपासून तयार होते आणि माणसं रात्री झोपू शकतात. घड्याळाच्या हिशेबाने रात्री बारापर्यंतही थांबता आलं असतं. पण रात्री बाराला ‘अजून एक तास द्या, होतंच आलंय’ हे वाक्य फार जड पडतं.

खोलीत तिघं हवेत : मालक किंवा संचालक, अकाउंट्सप्रमुख, आयटीप्रमुख. निर्णय एकाचाच, आणि तो कोणाचा हे आधीच लिहिलेलं. तक्ता शुक्रवारच्या आधी तयार झालेला असतो. आज फक्त हो किंवा नाही भरायचं :

- तेरीज आणि पार्टीवार येणं-देणं रुपयाला जुळलं का?
- गोडाऊनवार स्टॉकचे नग जुळले का?
- तिन्ही ठिकाणांहून बिल निघून कागदावर नीट छापलं गेलं का?
- सँडबॉक्सवर आयआरएन आणि ई-वे बिल मिळालं का?
- सगळे एकदम आत असताना बिल सेव्ह व्हायला ठरवलेल्यापेक्षा जास्त वेळ लागला का?

पहिल्या चारांत एकही ‘नाही’, किंवा शेवटच्याला ‘हो’, तर परत फिरायचं. ‘सोमवारी दुरुस्त करू’ हे उत्तर या तक्त्यात बसत नाही. अहवालाचा मथळा चुकला, रंग वेगळा आला, एखाद्या पार्टीचा पिनकोड राहिला, या गोष्टी वेगळ्या यादीत जातात आणि त्यांच्यावरून थांबायचं नाही.

परत फिरायचं ठरलं, तर क्रम छोटा आहे, कारण जुना सर्व्हर तसाच उभा आहे. नवी सिस्टीम बंद करा, म्हणजे कोणी चुकून आत जाणार नाही. मग :

```sql
ALTER DATABASE erp SET READ_WRITE;
```

संगणकांवरचे शॉर्टकट जुन्याकडे वळवा आणि बंद केलेले जॉब एकेक सुरू करा. शुक्रवारच्या रात्रीचा जॉब आता चालला तर काय होईल, हे तालमीतच पाहिलेलं असावं. मग तेरीज काढून शुक्रवारच्या सही केलेल्या कागदाशी जुळवा. सुट्टीत बँकेत जमा झालेल्या रकमा आणि विक्रेत्यांनी वहीत टिपलेल्या ऑर्डर सोमवारी जुन्या सिस्टीममध्ये नोंदवा. पार्ट्यांना काही कळतही नाही.

रविवार ३ ते ७, पुढे जायचं ठरलं तर

`clean.dump` रिकाम्या डेटाबेसमध्ये बसवा, मोजक पुढे न्या, नवी मालिका ००००१ वर आहे ना ते पाहा. तेरीज पुन्हा एकदा. मग शॉर्टकट बदला. बाहेरचे मार्ग एकेक उघडा, ई-इन्व्हॉइस आधी, एसएमएस सगळ्यात शेवटी. जुनी सिस्टीम वाचण्यापुरती उघडी ठेवा. सोमवारी दहा जणांना जुनं बिल पाहायचं असतं.

सोमवार, ८ पासून : परतीची वाट कुठे संपते

आठ वाजता पुण्यातून एकच खरं बिल काढा आणि आयआरएन, क्यूआर कोड, ई-वे बिल, छपाई सगळं पाहा. काही चुकलं, तर तो आयआरएन २४ तासांच्या आत रद्द करता येतो. मात्र रद्द झालेला क्रमांक पुन्हा वापरता येत नाही, म्हणून पुढचं बिल ००००२. हे बरोबर निघालं, की बाकीची गोडाऊन उघडा.

या बिलापर्यंत परत जाणं म्हणजे केवळ दिशा बदलणं होतं. यानंतर प्रत्येक बिलाची नोंद सरकारी पोर्टलवर आहे, माल रस्त्यावर आहे आणि बिल पार्टीच्या हातात आहे. परत फिरायचं तर ते सगळं त्याच क्रमांकांनी आणि त्याच आयआरएननी जुन्या सिस्टीममध्ये हाताने भरावं लागेल. एका बिलाला सहा मिनिटं धरली, तर ४० बिलांना एका माणसाचे चार तास. म्हणून सोमवारसाठी एक शेवटचा आकडा लिहून ठेवा : ४० बिलं किंवा दुपारी १२, जे आधी होईल ते. त्यानंतर कितीही मोठी अडचण आली, तरी ती नव्या सिस्टीममध्येच सोडवायची आणि त्यासाठी नव्या सिस्टीमचे तंत्रज्ञ सोमवार-मंगळवार जागेवर हवेत.

पहिले तीन दिवस संध्याकाळी सहाला त्या दिवशीची बिलं पोर्टलवरच्या आयआरएनच्या यादीशी जुळवा. पुढच्या महिन्याच्या ११ तारखेच्या जीएसटीआर-१ मध्ये दोन्ही मालिका येतील. दिलेल्या कागदपत्रांच्या तक्त्यात जुनीचा शेवटचा आणि नवीचा पहिला क्रमांक वेगवेगळ्या ओळींत दाखवा. जुनी सिस्टीम मात्र मोडीत काढू नका. जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणाच्या देय तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात. म्हणून `erp_final.bak` दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा आणि तो उघडू शकणारं एक मशीनही जपा.